चौथ्या स्लाइडवरचं नाव

सरांनी ते काम मला दिलं, कारण ऑफिसात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच होते. असं ते सरळ म्हणालेही. "तुझं इंग्लिश बरं आहे. नऊ स्लाइड्स आहेत, त्यांचे परिच्छेद कर. शुक्रवारपर्यंत."

आमचं ऑफिस सावेडीत एका औषधाच्या दुकानाच्या वर आहे. आठ-नऊ माणसं. एका डेअरीसाठी दूध संकलनाची प्रणाली आम्ही चालवतो. गावातल्या केंद्रावर शेतकरी दूध घेऊन येतो, यंत्र ते मोजतं, तपासतं, पावती देतं, आणि ती नोंद आमच्या सर्व्हरवर येते. सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात गावं शांत असतात, म्हणून सर्व्हरची डागडुजी आम्ही दुपारी दोन ते तीनमध्ये करतो.

वैशाखातल्या एका दुपारी अशीच एक सुधारणा सर्व्हरवर चढवताना प्रणाली अडीच तास बंद पडली. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्या दिवशी राहुरीच्या बाजूला एका गावची यात्रा होती. यात्रेच्या दिवशी चारला कुस्त्यांचा हगामा भरतो, म्हणून त्या गावातली आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरची मिळून सहा केंद्रं दूध दुपारीच घेतात. सर्व्हर बंद असला तर यंत्र नोंदी आपल्याजवळ ठेवतं, पण फक्त पन्नास. त्यापुढे ते पावती देत नाही. पावती नाही तर दूध कूलरमध्ये ओतायचं नाही, हा डेअरीचा नियम. कॅन उन्हात उभे राहिले, आणि प्रणाली सुरू झाल्यावर तेच दूध कूलरमध्ये गेलं. संध्याकाळी डेअरीच्या गेटवर त्या रस्त्याच्या टँकरमधलं दूध तापवून पाहिलं तेव्हा फाटलं. सगळा टँकर परत गेला.

सर्व्हरवर त्या दुपारी काम करत होते ते आमचे ऑपरेटर. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. चाळिशी ओलांडलेले, आधी एका दूध केंद्रावरच होते, तिथून कॉम्प्युटर शिकत शिकत इथवर आले. ते कंत्राटावर आहेत आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्यांची मुदत संपत होती.

सरांच्या नऊ स्लाइड्समध्ये भाऊंचं नाव तीनदा होतं. चौथ्या स्लाइडचं शीर्षक होतं 'मूळ कारण' आणि खाली एकच ओळ, ठळक अक्षरांत: ऑपरेटरची चूक. कंसात नाव. सहाव्या स्लाइडवर पुन्हा, 'चुकीचा निर्णय' या खाली. शेवटच्या स्लाइडवर त्यांनी हाताने लिहिलेल्या खुलाशाचा फोटो होता. रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत: माझ्याकडून चूक झाली आहे, पुन्हा असे होणार नाही, तरी साहेबांनी या वेळी माफ करावे. अक्षर सुबक होतं, खाली त्यांचं नाव. 'उपाय' या स्लाइडवर तीन ओळी होत्या. ऑपरेटरला समज दिली. यापुढे अधिक काळजी घेण्यात येईल. सर्वांना सूचना दिल्या.

डेअरीने या स्लाइड्स परत पाठवल्या होत्या. डेअरीच्या आयटी प्रमुख मॅडम पूर्वी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. त्यांचं मेल छोटं होतं. आम्हाला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम हवंय, कुणी चुकलं ते नको. काय घडलं ते मिनिटानिशी, का घडू शकलं, आणि पुन्हा घडू नये म्हणून नक्की काय बदलणार, कोण बदलणार, कधीपर्यंत. खुलाशाचा कागद कृपया काढून टाकावा.

"म्हणजे नाव काढायचं," सर म्हणाले. "नावाच्या जागी 'ऑपरेटर' लिही. बाकी तेच."

मी हो म्हणाले. मी बहुतेक वेळा हो म्हणते आणि मग जागेवर जाऊन विचार करते.

जागेवर गेल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे ऑपरेटर एकच आहे.

*

मी आधी असा रिपोर्ट लिहिलेला नव्हता. दुसऱ्या कंपन्यांनी प्रसिद्ध केलेले काही वाचले. त्यांत एक गोष्ट सारखी दिसत होती. 'त्याने असं करायला हवं होतं' हे वाक्य कुठेच नव्हतं. त्याऐवजी त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होतं, काय माहीत होतं, आणि त्यावरून त्याने केलं ते त्याला का बरोबर वाटलं, हे लिहिलेलं असे. शेवट माहीत असल्यावर सगळ्यांनाच आधीचं सोपं वाटतं.

म्हणून मी स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि वेळापत्रक नव्याने लिहायला घेतलं. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवतो, यंत्रंही ठेवतात. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी लावल्या. जिथे नोंद नव्हती तिथे माणसाला विचारावं लागणार होतं.

भाऊ बसतात ती जागा म्हणजे सर्व्हरच्या खोलीला लागून एक चिंचोळी पट्टी. एसीचा गारवा तिथपर्यंत येतो म्हणून ते उन्हाळ्यातही मफलर घालतात. मी वही घेऊन गेले तर त्यांनी आधी वहीकडे पाहिलं.

"लिहून घेताय का ताई?"

"हो. रिपोर्टसाठी."

"खुलासा दिलाय की मी. सरांकडं हाय."

"तो नको आहे त्यांना. वेगळा रिपोर्ट मागवलाय. पोस्टमॉर्टेम म्हणतात त्याला."

"म्हंजे आमी गेलोच म्हना की," भाऊ म्हणाले. हसले नाहीत. मग माझा चेहरा बघून थोडं हसले. "बसा. विचारा."

तुम्ही असं का केलंत, हे विचारायचं नाही असं मी ठरवून गेले होते. 'का' म्हटलं की माणूस बचाव करायला लागतो. मी विचारलं, "दोनच्या आधीपासून सांगा. काय काय बघितलंत?"

"कागदावर लिवलंय तसंच केलं. पायरी एक, बॅकअप. दोन, बॅकअप तपासला. तीन, फोन ड्रॉवरमध्ये."

हा आमचा नियम होता. काम चालू असताना मोबाईलचा आवाज बंद करून तो ड्रॉवरमध्ये. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फोनवर बोलता बोलता भलतीच आज्ञा दिली होती, तेव्हापासूनचा.

"चार, स्क्रीनवर बघायचं किती केंद्रं चालू हायेत. शून्य असलं तर पुढं. शून्यच हुतं."

"एकदा बघितलंत?"

"दोनदा." त्यांनी मफलर सैल केला. "आता हे लिवू नका."

मी पेन खाली ठेवलं.

"मला यात्रा ठाऊक हुती. बहिनीचंच गाव हाय ते. सांच्याला मटन खायला जायचं हुतं आमाला. म्हनून तर दोनदा बघितलं. म्हनलं, यात्रेचं दूध लवकर घेतात, कोन चालू तर न्हाई ना. तर शून्य. म्हनलं गेल्या साली तीनला चालू केलं हुतं, औंदाबी तसंच आसंल. तीनच्या आत आपलं काम हुतंय."

"आणि मग?"

"मग काय. काम लांबलं. चाचनीत वीस मिनिटं लागली हुती, हितं तास उलटला तरी संपंना. किती राहिलंय तेबी दिसंना. सव्वातीनच्या सुमाराला ड्रॉवर उघडला तर नऊ मिस कॉल. पयला दाजींचा. लावला तर म्हनतात, काय पाव्हणं, कुस्त्या सोडून दुधाचा हगामा लावलाय व्हय आज? निम्मं गाव कॅन घिऊन हुबं हाय."

ते सांगताना त्यांनी दाजींचा आवाज काढला, आणि मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"तुम्ही काम मागे घेतलंत."

"कागदावर हाय तसं. पायरी अकरा. केंद्राची तक्रार आली तर ताबडतोब मागं फिरायचं. मागं फिरायला सव्वा तास लागंल हे कुटं लिवलंय? आनि तवर मी साही केंद्रांना फोन केले. एकेकाचं नाव घिऊन सांगितलं, दूध सावलीत घ्या, वलं फडकं टाका." मग म्हणाले, "यात्रेचं लिवू नका ताई. ठाऊक असून केलं म्हनतील."

मी काही कबूल केलं नाही. वही मिटून उठले.

*

सर्व्हरच्या नोंदींत त्यांचं बोलणं तंतोतंत सापडलं. ती स्क्रीन एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी उघडली होती आणि पुन्हा एक सत्तावन्नला. दोन्ही वेळा उत्तर शून्य. पण पहिलं यंत्र एक अडतीसलाच बोलायला लागलं होतं. एक सत्तावन्नपर्यंत पाच केंद्रांच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर येऊन पडल्या होत्या. म्हणजे सर्व्हरला माहीत होतं, आणि त्याच सर्व्हरची स्क्रीन भाऊंना शून्य सांगत होती.

मी त्या स्क्रीनचा कोड उघडला. कोडमध्ये प्रत्येक ओळ कुणी आणि कधी बदलली ते बघता येतं. केंद्रं मोजणाऱ्या भागात एक अट होती. सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ, एवढ्याच वेळात केंद्रं मोजायची. एरवी उत्तर शून्य. ती ओळ गेल्या वर्षीची होती आणि पुढे माझं नाव होतं.

मला लगेच आठवलं. दुपारी यंत्रं बंद असतात, त्यामुळे स्क्रीनवर सगळी केंद्रं लाल दिसायची. सरांना ते आवडत नसे. पाहुणे येत, भिंतीवर मोठी स्क्रीन, आणि तिच्यावर सगळं लाल. "अगं हे काय, सगळं बंद पडल्यासारखं दिसतंय," ते दर दोन दिवसांनी म्हणत. तेव्हा मी नवीन होते. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी ती एक ओळ घातली. दुपारची स्क्रीन स्वच्छ झाली. सर खूश झाले. मला ते माझं पहिलं उपयोगी काम वाटलं होतं.

पायरी चार त्याच्या कितीतरी आधी लिहिलेली होती, स्क्रीन खरं मोजत होती तेव्हा. ती पायरी या स्क्रीनवर उभी आहे हे मला माहीत नव्हतं, आणि स्क्रीन बदलली हे पायरीचा कागद सांभाळणाऱ्या कुणालाच नाही. गेलं वर्षभर दुपारी दोन वाजता ती स्क्रीन शून्यच दाखवत होती, केंद्र चालू असो वा नसो. भाऊ दर वेळी बघत होते.

मी लॅपटॉप मिटला आणि घरी गेले. आई म्हणाली, चेहरा असा का? ऊन लागलं म्हणाले.

पहिला मसुदा मी दोन दिवसांत केला. कोरडा आणि बरा झाला होता. वेळापत्रकात भाऊंनी बघितलेली दोन्ही शून्यं आली, ड्रॉवरमधल्या फोनवरचा दोन चौतीसचा पहिला कॉल आला, आणि ऑफिसच्या लँडलाइनवर आलेला दोन चाळीसचा कॉलही आला. तो आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी घेतला होता आणि 'काम चाललंय, तीनला चालू होईल' असं सांगून ठेवला होता. हे स्लाइड्समध्ये कुठेच नव्हतं. 'कारण' या मथळ्याखाली मी एक कारण लिहिलं नाही, पाच लिहिली. चाचणी थोड्या नोंदींवर घेतली जाते, म्हणून वीस मिनिटांचा अंदाज. काम किती झालं ते दिसत नाही. ज्याच्या हाती काम त्याचाच फोन ड्रॉवरमध्ये, आणि दुसरं कुणी फोनला नाही. यात्रांच्या तारखा गावात सगळ्यांना ठाऊक, पण आमच्या कॅलेंडरात नाहीत. पाचवं कारण असं लिहिलं: त्या वेळी स्क्रीनवर केंद्रं मोजली जात नव्हती.

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तिथेच मी थांबले. बाकी चार कारणांपुढे 'हे असं का होतं' म्हणून दोन-तीन ओळी होत्या. पाचव्यापुढे काही नव्हतं.

सहाव्या स्लाइडवरचा 'चुकीचा निर्णय' मात्र मी तपासून काढला. सरांचं म्हणणं होतं की भाऊंनी दहा मिनिटं धीर धरला असता तर काम आपोआप पूर्ण झालं असतं. मी तेवढ्याच नोंदींवर पुन्हा चालवून पाहिलं. एक तास पंचवीस मिनिटं लागली, म्हणजे दहा मिनिटं हे खरंच होतं. पण ते आज कळलं. त्या दिवशी सव्वातीनला आणखी दहा मिनिटं लागतील की दोन तास, हे सांगणारं काहीच समोर नव्हतं, आणि कागद सांगत होता मागे फिर. मी तसंच लिहिलं.

यात्रेचंही लिहिलं. आधी भाऊंना दाखवलं. मराठीत करून वाचून दाखवलं. 'काम करणाऱ्याला यात्रा माहीत होती, म्हणून त्यांनी केंद्रं चालू आहेत का हे दोनदा तपासलं.'

त्यांनी कागद हातात घेतला. "दोनदा, हे पक्कं लिवलंय ना?"

"वेळेसकट."

"मग राहू द्या," ते म्हणाले.

*

सरांनी मसुदा वाचला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी प्रत्येक पान वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम दिले. मग पेन घेऊन भाऊंच्या दोन शून्यांखाली एक ओळ लिहिली. ऑपरेटरने केंद्रांना फोन करून खात्री केली नाही.

"ही राहू दे."

"सर, तसं पायरीत नव्हतं."

"नव्हतं, पण यात्रा माहीत होती ना त्याला? एक फोन करायचा. कॉमन सेन्स आहे." ते खुर्चीत मागे झाले. "हे बघ, तुझं सगळं बरोबर आहे. पण डेअरीचा टँकर गेलाय. सगळ्यांची चूक म्हणजे कुणाचीच नाही. त्यांना कायतरी कृती दिसायला पाहिजे. त्याची मुदत तशीही संपतीये या महिन्यात. मला त्याला काढायचं नाहीये, पण करार डेअरीचा राहतोय का त्याचा, एवढंच आहे."

स्क्रीनचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो. मी "बरं सर" म्हणाले आणि त्यांची ओळ टाइप केली.

बैठक सोमवारी डेअरीत होती. मनमाड रोडने आम्ही तिघं सरांच्या गाडीतून गेलो. भाऊ पुढे बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. वाटेत सरांनी त्यांना रसवंतीवर रस पाजला. भाऊ म्हणाले, "मला बर्फ नको." एवढंच बोलणं झालं.

डेअरीची खोली लांबट होती, टेबलावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. मॅडमनी रिपोर्टवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज हळू. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की पावतीशिवाय दूध ओतायचं नाही हा नियम आमचा आहे, तो आम्ही बदलतोय. हाताने पावती लिहून कूलरमध्ये घ्यायचं, ही कृती आमच्या बाजूला टाका. सर एकदम सावरून बसले. डेअरी स्वतःच्या बाजूला काही घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग मॅडमनी सरांची ओळ वाचली. फोन करून खात्री केली नाही.

"ही कारणांत कशी आली?" त्यांनी विचारलं. "याआधी कधी फोन करून खात्री करत होतात का?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग ही या दिवसाची गोष्ट नाही. रोजच करत नव्हता. आणि का करायचा? तुमच्याकडे स्क्रीन आहे ना." त्यांनी पान उलटलं. पेन्सिल पाचव्या कारणावर थांबली. "ही स्क्रीन. केंद्रं मोजली जात नव्हती. हे का, ते नाही लिहिलंय. बिघडली होती, का कुणी बंद केली होती?"

सरांनी भाऊंकडे पाहिलं. मुद्दाम नाही. यंत्रांचं काही निघालं की भाऊंकडे बघायची सवय आम्हा सगळ्यांनाच आहे. मग मॅडमनीही पाहिलं. भाऊ उठून उभे राहिले, शाळेत उठतात तसे.

"म्याडम, मी स्क्रीनला हात बी लावला न्हाई," ते म्हणाले. "मी नुसतं बघतो."

"बसा हो, बसा. मी तुम्हाला विचारत नाहीये."

पण ते बसले नाहीत. त्यांच्या शर्टाच्या बाहीची इस्त्री अजून मोडली नव्हती. मला ते उगीचच दिसलं.

"मी केलंय ते," मी म्हणाले.

आवाज इतका लहान निघाला की मॅडम पुढे झुकल्या. मला पुन्हा म्हणावं लागलं. मग एकदा सुरू झाल्यावर मी सगळं सांगितलं, क्रमाने, वेळापत्रकासारखं. दुपारी लाल दिसायचं. ते खटकायचं. ते दिसू नये म्हणून वेळेची अट घातली. पायरी चार मी तेव्हा वाचलेली नव्हती. बदल दुसऱ्या कुणी तपासला नाही. गेलं वर्षभर ती पायरी म्हणजे नुसतं बघणं होतं. हे मला दहा दिवसांपूर्वी कळलं आणि मी लिहिलं नाही.

"कुणाला खटकायचं?" मॅडमनी विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नसतं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आजही नाही. पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने रिपोर्टचं वरचं पान उचललं जात होतं आणि सर ते बोटाने दाबून धरत होते.

"मला," सर म्हणाले. "मीच मागे लागलो होतो. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून."

मॅडमनी मान हलवली. कुणावरही रागावल्या नाहीत. जरा रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "हे लिहा," त्या म्हणाल्या. "हीच खरी गोष्ट आहे यातली. नावं नकोत. बंद असलेलं केंद्र आणि बिघडलेलं केंद्र दोन्ही लाल दिसत होती, म्हणून लाल लपवलं गेलं. उपाय काय?"

उपाय भाऊंना सुचला. ते अजून उभेच होते.

"बंदला करडा रंग द्या," ते म्हणाले. "बिघाडाला लाल. आनि चालू आसंल तर कवाबी हिरवं, घड्याळ न बघता. आनि म्याडम, नुसतं दाखवू नका. अर्ध्या तासात कुन्या यंत्राची नोंद आली आसंल तर सर्व्हरनं बंदच हुयाला नको. मानसाच्या बघन्यावर कशाला ठिवायचं?"

"तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत कुणाला?" मॅडम म्हणाल्या.

"कुनी विचारलं न्हाई," भाऊ म्हणाले, आणि बसले.

*

अंतिम रिपोर्ट अकरा पानांचा झाला. सरांची ओळ त्यांनी स्वतःच खोडली. उपायांत 'काळजी घेण्यात येईल' असं एकही वाक्य राहिलं नाही. प्रत्येकापुढे काम करणाऱ्याचं पद, तारीख, आणि ते झालं हे कसं कळेल ते आलं. स्क्रीनचं काम माझ्या पदापुढे आलं. यात्रांच्या तारखा गोळा करण्याचंही. 'काय चांगलं घडलं' असा एक भाग मॅडमनी घालायला लावला. त्यात एवढंच आहे की एकही नोंद हरवली नाही आणि साही केंद्रांना काम करणाऱ्याने स्वतः फोन करून दूध सावलीत घ्यायला सांगितलं. हे वाचून दाखवलं तेव्हा भाऊ म्हणाले, "वल्या फडक्याचं ऱ्हायलं." मी ते घातलं.

डेअरीने रिपोर्ट स्वीकारला आणि आमचा करार राहिला. भाऊंचं काय होणार हे मात्र कुणी बोलत नव्हतं. महिना संपायला चार दिवस उरले तरी सरांनी त्यांना बोलावलं नव्हतं. भाऊ वेळेवर येत, वेळेवर जात. मी दुपारी त्यांच्या पट्टीवरून जाताना आत बघायचं टाळत होते.

तीस तारखेला त्यांना आत बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर आले, हातात एकाच मजकुराचे दोन कागद, आणि सरळ माझ्या टेबलाशी.

"इंग्रजी हाय. किती दिवसांचं हाय बघा."

मी वाचलं. "अकरा महिने."

"पगार?"

"तोच आहे."

"आनि काय?"

मी उरलेली कलमं वाचली. नवीन काही नव्हतं. नेहमीचीच, सुट्ट्या, नोटीस. त्यांनी माझंच पेन घेऊन दोन्ही कागदांवर मराठीत सही केली, सावकाश.

"एक विचारू का ताई?"

"विचारा."

"तुमी वही घिऊन आलता, तवाच तुमाला ठाऊक हुतं का स्क्रीनचं?"

"नाही. त्याच दिवशी कळलं, पण नंतर. तुमच्याकडून गेल्यावर."

"मग मसुदा वाचून दाखवला तवा?"

"तेव्हा माहीत होतं."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. रिसेप्शनवरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या.

"मग बोलला का न्हाई?"

"भीती वाटली."

भाऊंनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "मलाबी तीच वाटत हुती. फकस्त माझी समद्यांना दिसत हुती."

मग दुसरा कागद सरांना द्यायला ते आत गेले.